जुन्या कागदांतून माहिती काढताय? मग प्रत्येक नोंदीशेजारी मूळ ओळही मागा

वक्फ (सुधारणा) कायदा ८ एप्रिल २०२५ रोजी लागू झाला आणि ६ जूनला उमीद पोर्टल सुरू झालं. तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावोगावच्या जमातींमध्ये जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. सातबारे, फेरफार, धर्मादाय आयुक्त कार्यालयाचे उतारे, कुठे मोडीतला दस्त, कुठे उर्दूतलं वक्फनामा. पोर्टलवर एका मिळकतीची माहिती तीन हातांतून जाते: भरणारा मेकर, म्हणजे बहुतेक ठिकाणी मुतवल्ली किंवा त्याने नेमलेला माणूस, मग तपासणारा चेकर, आणि शेवटी मंजुरी देणारा अप्रूव्हर. सहा महिन्यांची मूळ मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली, पण कागदांचं काम संपलेलं नाही. चुकीची भरलेली नोंद दुरुस्त करणं, राहिलेल्या मिळकतीसाठी ट्रिब्युनलपुढे कागद मांडणं, वकिलाला तक्ता करून देणं, हे सगळं चालूच आहे.

या कामात बऱ्याच ठिकाणी जमातीतली शिकलेली मुलं पुढे आली. कागदांचे फोटो काढायचे, ते एआयच्या साधनात टाकायचे आणि सर्वे नंबर, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, वक्फची तारीख असा तयार तक्ता काढून घ्यायचा. तासन् तासांचं काम दहा मिनिटांत होतं, हे खरंच आहे. पण हा तक्ता ट्रस्टींपुढे किंवा वकिलासमोर ठेवला की पहिला प्रश्न येतो, ‘हा आकडा कुठून आला?’ आणि तिथे सगळं अडतं. तक्त्यात नुसता आकडा आहे. तो कोणत्या कागदावर, कोणत्या ओळीत आहे हे सांगायला परत सगळे कागद वाचायला लागतात. मग दहा मिनिटं वाचवून मिळवलं काय?

यावर उपाय साधा आहे. माहिती काढायला सांगतानाच प्रत्येक किमतीशेजारी तिचा आधार असलेली मूळ कागदातली ओळ, जशीच्या तशी, मागायची. हे नेमकं कसं करायचं, त्यातून कोणत्या चुका पकडल्या जातात आणि कोणत्या निसटतात, ते एका नमुना फाइलवरून बघू. फाइल कल्पित आहे, आकडेही नमुन्याचे आहेत. पण अशा प्रकारचे कागद आपल्याकडच्या पेट्यांमध्ये असतात.

नमुना फाइल: एक कब्रस्तान, चार कागद

समजा खाडीकाठच्या एका गावात जमातीचं कब्रस्तान आहे. त्याचे चार कागद सापडले.

पहिला कागद सातबारा. त्यावर क्षेत्राच्या रकान्यात तीन आकडे आहेत: लागवडयोग्य क्षेत्र ०.११.००, पोटखराब ०.०१.५०, एकूण ०.१२.५०. वर एकक छापलंय, हे.आर.चौ.मी.

दुसरा कागद फेरफाराचा उतारा. त्यात ‘सदर जमीन कबरस्थानाकडे असलेबाबत नोंद, दि. १२/०३/१९५७ रोजी मंजूर’ असा मजकूर आहे.

तिसरा कागद धर्मादाय आयुक्त कार्यालयाचा, ज्याला आपल्याकडे ‘शेड्यूल वन’चा उतारा म्हणतात. जुन्या मुंबई राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली वक्फांचीही नोंदणी झाली. त्यामुळे कोकणातल्या अनेक मशिदी आणि कब्रस्तानांच्या ट्रस्टकडे ‘बी’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे. आपल्या नमुन्यात ‘सार्वजनिक न्यास नोंदणी क्र. बी-०००, रत्नागिरी’ असं धरू.

चौथा कागद जुना उर्दू वक्फनामा. त्यात साडेबारा गुंठे जमीन कब्रस्तानासाठी वक्फ केल्याचं आणि सन १३५३ हिजरी असं लिहिलंय.

या चार कागदांवरून कुणी एआयकडून नुसता तक्ता काढून घेतला आणि त्यात असं आलं: क्षेत्र १२.५०, वक्फची तारीख १२/०३/१९५७, वक्फ नोंदणी क्रमांक बी-०००. दिसायला तक्ता एकदम स्वच्छ. प्रत्येक आकडा कागदावर कुठे ना कुठे आहे, काहीच मनाचं नाही. तरीही तिन्ही नोंदींत गडबड आहे. आणि नुसत्या तक्त्याकडे बघून ती कुणालाच दिसणार नाही.

ओळ शेजारी आली की काय दिसतं

आता तोच तक्ता मूळ ओळींसकट बघा.

| माहिती | मूळ ओळ | कागद | किंमत |
|---|---|---|---|
| क्षेत्र | एकूण क्षेत्र (हे.आर.चौ.मी.) ०.१२.५० | सातबारा, पान १ | ०.१२.५० |
| वक्फची तारीख | नोंद, दि. १२/०३/१९५७ रोजी मंजूर | फेरफार, पान १ | १२/०३/१९५७ |
| वक्फ नोंदणी क्रमांक | सार्वजनिक न्यास नोंदणी क्र. बी-०००, रत्नागिरी | शेड्यूल वन, पान १ | बी-००० |

दुसरी ओळ वाचा. मंजूर काय झालं? नोंद. म्हणजे ही फेरफार मंजूर झाल्याची तारीख आहे, वक्फ केल्याची नव्हे. गावातल्या कुणाही जाणत्या माणसाला ही ओळ दाखवली तर तो एका नजरेत सांगेल. त्याला अख्खा फेरफार वाचायची गरजच नाही. वक्फची तारीख चौथ्या कागदावर आहे, ‘सन १३५३ हिजरी’. हे हिजरी वर्ष एप्रिल १९३४ ला सुरू होऊन एप्रिल १९३५ ला संपलं. महिना लिहिलेला नसेल तर इसवी सन ‘१९३४-३५’ एवढंच म्हणता येतं. १९५७ आणि १९३४-३५ यांत वीस वर्षांहून जास्त फरक आहे. ‘हे कब्रस्तान कधीपासून?’ हाच वादाचा मुद्दा असतो तेव्हा ही वीस वर्षं आपण आपल्याच हाताने सोडून दिली असती.

तिसरी ओळ. ‘सार्वजनिक न्यास’ हे शब्द समोर आले की कळतं, हा धर्मादाय कार्यालयाचा क्रमांक आहे. छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाकडचा नोंदणी क्रमांक वेगळा असतो. रकान्याचं नाव ‘नोंदणी क्रमांक’ आणि कागदावरही ‘नोंदणी क्र.’, म्हणून साधनाने जुळवून टाकलं. आपल्या भागात ही गल्लत माणसंसुद्धा करतात. नुसतं ‘बी-०००’ वाचून ती लक्षात येत नाही. पूर्ण ओळ वाचली की येते.

पहिली ओळ बरोबर आहे, पण तिच्यामुळे दुसरीच गोष्ट उघड होते. सातबाऱ्यावर शून्य हेक्टर, साडेबारा आर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून हे झाले १२५० चौरस मीटर. वक्फनाम्यात साडेबारा गुंठे. एक गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे साडेबारा गुंठ्यांचे होतात जवळपास १२६४.६. आकडा दोन्हीकडे साडेबाराच, पण क्षेत्र वेगळं. फरक साडेचौदा चौरस मीटरचा. जुन्या तक्त्यात नुसतं ‘१२.५०’ होतं, त्यामुळे दोन्ही कागद जुळतात असाच समज झाला असता. एककासकट ओळ आली म्हणून हा फरक दिसला. तो का आला, मोजणीमुळे की गुंठ्यांचे आर करताना, हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या कागदांवरून बघावं लागेल. ते एआयचं काम नाही, तक्त्याचंही नाही. पण प्रश्न आहे हे तरी कळलं.

मागायचं कसं

माहिती काढायला सांगताना जी सूचना लिहितो तिच्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. त्या मराठीत लिहिल्या तरी चालतात.

पहिली गोष्ट, ओळ जशीच्या तशी हवी. शुद्धलेखन सुधारायचं नाही, शब्द बदलायचे नाहीत, गाळायचे नाहीत. जुन्या सरकारी कागदांत ‘कबरस्थान’, ‘मशीद’ अशी लिहिणी असतात. साधन सहज ‘कब्रस्तान’, ‘मस्जिद’ करून टाकतं. वाचायला बरं वाटतं, पण नंतर तो शब्द मूळ मजकुरात शोधला की सापडत नाही. आकड्यांचंही तेच. मुळात देवनागरी १२ असेल तर ओळीतही देवनागरीच हवं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने देवनागरी आणि इंग्रजी आकडे ही वेगवेगळी अक्षरं आहेत.

दुसरी, ओळ पुरेशी हवी. नुसतं ‘०.१२.५०’ हा आधार नव्हे, कारण तो आकडा कशाचा हे त्यात नाही. रकान्याचं नाव, एकक, आणि आकडा, तिन्ही आले पाहिजेत. उलट अर्धं पान उतरवून दिलं तर तपासणाऱ्याला पुन्हा वाचतच बसावं लागतं. एक ओळ, फार तर दोन, असं सांगावं. सोबत कागदाचं नाव आणि पान क्रमांक. ‘फेरफार पहा’ एवढं चालणार नाही.

तिसरी, आधी ओळ, मग किंमत. तक्त्यात मूळ ओळीचा रकाना किमतीच्या आधी ठेवायचा. यामागे कारण आहे. ही साधनं मजकूर डावीकडून उजवीकडे, एकेक तुकडा करत लिहीत जातात, आणि पुढचा तुकडा आधी लिहिलेल्यावर अवलंबून असतो. आधी किंमत लिहून घेतली तर नंतरची ओळ त्या किमतीचं समर्थन करायला शोधली जाते, आणि सापडली नाही तर जुळणारी ओळ रचली जाण्याचाही धोका असतो. आधी ओळ उतरवली की किंमत त्या ओळीतून निघते.

चौथी, नसेल तर ‘आढळले नाही’ असं लिहायची परवानगी द्यायची. रिकामा रकाना समोर असला की साधन तो भरायचा प्रयत्न करतं. वर आपल्याकडे वक्फ मंडळाच्या क्रमांकाचा कागदच नव्हता. तरी रकाना होता, म्हणून धर्मादाय क्रमांक तिथे जाऊन बसला. ‘थेट आधार देणारी ओळ नसेल तर ओळ आणि किंमत दोन्ही रिकामी ठेवून शेवटच्या रकान्यात आढळले नाही असे लिहा’ हे एक वाक्य बरीच चूक वाचवतं.

पाचवी, कागदावरची किंमत आणि आपण केलेलं रूपांतर वेगवेगळ्या रकान्यांत. ‘सन १३५३ हिजरी’ एका रकान्यात, ‘१९३४-३५’ दुसऱ्यात. ‘०.१२.५०’ एकात, ‘१२५० चौ.मी.’ दुसऱ्यात. पहिल्याला मूळ ओळ आधार देते. दुसरा हिशेब आहे, तो वेगळा तपासायचा. एकत्र केलं तर चूक उतरवण्यात झाली की हिशेबात, हे कळत नाही. दोन हिश्श्यांची बेरीज करून क्षेत्र काढलं असेल तर आधाराच्या ओळीही दोन हव्यात.

ओळ खरोखर कागदात आहे का?

इथे एक शंका रास्त आहे. साधन किंमत चुकवू शकतं, तर ओळही मनाने लिहू शकेल की. हो, शकतं. कधी दोन ओळी जोडून एक करतं, कधी कागदावर असावी असं वाटणारी पण नसलेली ओळ लिहितं. पण किंमत आणि ओळ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. किंमत बरोबर आहे का हे ठरवायला कागद समजावा लागतो. ओळ कागदात आहे का हे बघायला फक्त शोधावं लागतं, आणि शोधण्याचं काम कॉम्प्युटरचा साधा हिशेबी तक्ताही करू शकतो.

कागदांवरचा मजकूर आधीच अक्षरांत उतरवून घेतलेला असेल तर फाइल उघडून Ctrl+F दाबा आणि ओळ चिकटवा. सापडली तर ठीक. नोंदी शेकड्याने असतील तर एक्सेलमध्ये B रकान्यात मूळ ओळ आणि E रकान्यात त्या पानाचा पूर्ण मजकूर ठेवून हे सूत्र लावता येतं:

```
=AND(B2<>"",ISNUMBER(FIND(B2,E2)))
```

ओळ पानात असेल तर TRUE, नसेल तर FALSE. सुरुवातीचा B2<>"" हा भाग गाळू नका. रिकामी ओळ शोधायला सांगितली तर एक्सेलच्या दृष्टीने ती ‘सापडते’, आणि ज्या नोंदीला आधारच नाही तीच हिरवी दिसते.

FALSE आलं म्हणजे नोंद खोटी असं नाही. बऱ्याचदा मधे एक जास्तीची जागा असते, किंवा मुळात ओळ तुटून दुसऱ्या ओळीवर गेलेली असते. सातबाऱ्यासारख्या रकान्यांच्या कागदात तर रकान्याचं नाव वर आणि आकडा खाली असल्याने सलग ओळ मिळतच नाही. तिथे नाव आणि आकडा असे दोन तुकडे वेगवेगळे मागून दोन्ही शोधायचे. पण FALSE आलेली प्रत्येक नोंद माणसाने मूळ कागदाशी लावून बघायचीच. तपासणाऱ्याचा वेळ आधी तिथे गेला पाहिजे.

ओळ असूनही निसटणाऱ्या चुका

या पद्धतीवर फार विसंबूनही चालत नाही. तीन प्रकारच्या चुका तिच्यातून पार होतात.

एक, ओळ खरी पण अर्थ चुकीचा. वरचा १९५७ चा प्रकार तोच. ओळ फेरफारात आहेच, सूत्र TRUE दाखवेल. ‘मंजूर’ कशाची मंजुरी, हे सूत्राला कळत नाही. सातबाऱ्यावरून लागवडयोग्य ०.११.०० उचललं असतं तरी ओळ खरीच निघाली असती आणि दीड आर पोटखराब गळला असता. म्हणून सूत्राने हिरव्या केलेल्या नोंदीही माणसाने एकदा वाचायच्या. फक्त आता प्रत्येक नोंदीसाठी एकच ओळ वाचायची आहे.

दोन, फोटोतून अक्षरं काढतानाच झालेली चूक. पुसट झेरॉक्सवर देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते. ठिपका गेला की ०.१२.५० चं ०.१२५० होतं. अशा वेळी उतरवलेला मजकूरच चुकलेला असतो, आणि मूळ ओळ त्याच मजकुराशी ताडली की ती बरोबर जुळते. म्हणजे चुकीची साक्ष चुकीच्या नोंदीला दुजोरा देते. यावर उपाय एकच: सर्वे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र आणि तारीख या चार गोष्टी उतरवलेल्या मजकुराशी नव्हे, तर कागदाच्या फोटोशी लावून बघायच्या. पान आणि ओळ हाताशी असल्याने फोटोत ती जागा शोधायला वेळ लागत नाही. मोडी आणि हाताने लिहिलेल्या उर्दू दस्तांचं तर मशीनने केलेलं वाचन आधार म्हणून धरूच नये. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं, ओळ त्या लिप्यंतरातली घ्यावी आणि सोबत मूळ दस्तातला पान-ओळ क्रमांक लिहावा.

तीन, आणि ही सगळ्यात घातक: राहून गेलेली नोंद. मूळ ओळ मागण्याने तक्त्यात असलेल्या गोष्टी तपासल्या जातात. जे तक्त्यात आलंच नाही त्याची ओळ कोण तपासणार? समजा वक्फनाम्यात कब्रस्तानाबरोबर मशिदीच्या खर्चासाठी नारळाची चार झाडं असलेला एक तुकडाही दिलाय, आणि साधनाने फक्त कब्रस्तान उचललं. तक्त्यातली प्रत्येक ओळ खरी, प्रत्येक अर्थ बरोबर, आणि तरी एक मिळकत गायब. ही चूक उलट दिशेने गेल्याशिवाय सापडत नाही. तक्ता बाजूला ठेवायचा, कागद हातात घ्यायचा आणि त्यातले सर्वे नंबर, हिस्से, चतु:सीमा मोजायच्या. कागदात पाच तुकडे आणि तक्त्यात चार असतील तर काम अपुरं आहे. छापील प्रतीवर, तक्त्यात आलेल्या प्रत्येक ओळीवर पिवळा रंग फिरवला की हे फार लवकर दिसतं. जिथे रंग नाही आणि जमिनीचं वर्णन आहे, तिथे थांबायचं.

तपासणाऱ्याने बसायचं कसं

हे काम दोघांनी केलेलं बरं, आणि ज्याने तक्ता काढला त्यानेच तपासू नये. एकजण तक्त्यातली ओळ मोठ्याने वाचतो, दुसऱ्याच्या हातात मूळ कागद असतो. दुसऱ्याने किंमत आधी बघायची नाही. ओळ ऐकून यातून काय निघतं ते त्याने स्वतः सांगायचं, आणि मग तक्त्यातल्या किमतीशी ताडायचं. ‘नोंद, दि. १२/०३/१९५७ रोजी मंजूर’ ऐकून, रकाना न बघता, एखादा निवृत्त तलाठी ‘ही फेरफाराची मंजुरी’ असंच म्हणेल. रकान्यात ‘वक्फची तारीख’ लिहिलेलं आधी दिसलं तर तोही मान डोलावून पुढे जाण्याची शक्यता असते.

प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करावी: ओळ आणि किंमत दोन्ही बरोबर, ओळ बरोबर पण किंमत तिच्यातून निघत नाही, ओळच सापडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेचा फरक कामाचा असतो. दुसरी वारंवार येत असेल तर सूचनेत रकान्यांचा अर्थ नीट सांगितलेला नाही. ‘वक्फची तारीख’ ऐवजी ‘मूळ वक्फनाम्यावरची तारीख, फेरफाराची तारीख चालणार नाही’ असं लिहावं. तिसरी वारंवार येत असेल तर फोटो खराब आहेत, किंवा साधन ओळी जोडतंय. मग पुन्हा नीट स्कॅन करणं हाच मार्ग.

शेवटी आपल्या नमुना फाइलचा दुरुस्त तक्ता असा होईल. क्षेत्र: सातबाऱ्यावर ०.१२.५०, वक्फनाम्यात साडेबारा गुंठे, दोन्ही ओळी शेजारी, आणि ‘फरक आहे, मोजणीचा कागद बघणे’ असा शेरा. वक्फची तारीख: सन १३५३ हिजरी, रूपांतर १९३४-३५, महिना आढळला नाही. फेरफार मंजुरी: १२/०३/१९५७, वेगळ्या रकान्यात. सार्वजनिक न्यास क्रमांक: बी-०००. वक्फ मंडळ नोंदणी क्रमांक: आढळले नाही, मंडळाकडे चौकशी करणे.

पहिल्या तक्त्यापेक्षा हा दिसायला अपुरा वाटेल. एक रकाना रिकामा, एका ठिकाणी शेरा. पण हा तक्ता ट्रस्टींपुढे, वकिलापुढे किंवा चेकरपुढे ठेवला आणि ‘हे कुठून आलं?’ असं विचारलं, की बोट ठेवायला प्रत्येक वेळी एक ओळ आहे. मूळ ओळींचा हा तक्ता छापून त्या-त्या कागदांच्या झेरॉक्ससोबत जमातीच्या फाइलमध्येच ठेवा. आज तक्ता काढणारा मुलगा उद्या नोकरीसाठी मुंबईला किंवा आखातात जाईल. पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला त्याला फोन करून ‘हा नंबर कुठला रे?’ असं विचारायची वेळ येऊ नये.